रात्रीची खाज आणि पित्ताम्लांचा आकडा

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तळहात आणि तळपायांना खाज सुटते. दिवसा कामाच्या नादात ती विसरता येते, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की वाढत जाते, आणि जिथे खाजते तिथे कातडीवर पाहण्यासारखे काहीच नसते. एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की कातडीपेक्षा यकृताचा विचार आधी करावा लागतो. या विकाराचे वैद्यकीय नाव इंट्राहेपॅटिक कोलेस्टॅसिस ऑफ प्रेग्नन्सी असे लांबलचक आहे. दवाखान्यात त्याला नुसते कोलेस्टॅसिस म्हणतात. आईला यात झोप जाण्यापलीकडे सहसा मोठा धोका नसतो. काळजी पोटातल्या बाळाची असते, आणि तीही सर्वच गरोदर स्त्रियांच्या बाबतीत सारखी नसते. कोणाच्या बाबतीत ती खरी, हे रक्तातल्या पित्ताम्लांच्या आकड्यावरून ठरते.

पित्ताम्ले यकृतात कोलेस्टेरॉलपासून तयार होतात. जेवणातली चरबी पचवणे हे त्यांचे काम. पित्तातून ती आतड्यात उतरतात, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बहुतेक सगळी परत शोषली जातात, रक्तातून पुन्हा यकृताकडे येतात आणि यकृत ती उचलून पुन्हा पित्तात सोडते. हे चक्र दिवसातून अनेकदा फिरते. निरोगी माणसात यकृत ही उचल इतकी चोख करते की सर्वांगाला फिरणाऱ्या रक्तात पित्ताम्ले फारच थोडी उरतात. आम्लपित्ताचा, म्हणजे छातीत जळजळ आणि आंबट ढेकर यांचा, या सगळ्याशी संबंध नाही. तो त्रास जठरातल्या आम्लाचा असतो.

गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके कित्येक पटींनी वाढतात. त्यांची यकृतात बदललेली रूपे, विशेषतः प्रोजेस्टेरॉनची सल्फेट संयुगे, यकृतपेशीतून पित्ताम्ले बाहेर ढकलणाऱ्या पंपांच्या कामात अडथळा आणतात. बहुतेकींचे यकृत हा भार सोसते. काहींच्या पंपांत मात्र जन्मतःच थोडी कमतरता असते. एबीसीबी 4 आणि एबीसीबी 11 या जनुकांतले बदल त्यातले चांगले अभ्यासलेले आहेत. एरवी ही कमतरता जाणवतही नाही. संप्रेरके टिपेला पोचतात त्या शेवटच्या महिन्यांत ती उघडी पडते. आईला किंवा बहिणीला हा त्रास झालेला असणे, पोटात जुळे असणे, हेपॅटायटिस सीची लागण असणे, या गोष्टींनी शक्यता वाढते हे त्यामुळे समजण्यासारखे आहे. वंशाचाही वाटा दिसतो. ब्रिटनमध्ये एकंदर हजार गरोदर स्त्रियांत सुमारे 7 जणींना हा विकार होतो, तर भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या स्त्रियांत हे प्रमाण हजारी 12 ते 15 आहे. लंडन किंवा लेस्टरमध्ये राहणाऱ्या मराठी गरोदर स्त्रीने खाजेची तक्रार केली, तर तिथली सुईण पित्ताम्लांची चाचणी लवकर सांगते त्यामागे हे आकडे असतात.

खाज नेमकी कशामुळे येते हे पित्ताम्लांवरून पुरते उलगडत नाही. 2010 मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी दाखवले की अशा रुग्णांत खाजेचे प्रमाण ऑटोटॅक्सिन नावाच्या एका विकराशी अधिक जुळते. हे विकर जो पदार्थ तयार करते तो खाज नेणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो. याचा व्यवहारातला अर्थ फार महत्त्वाचा आहे. खाज किती तीव्र आहे त्यावरून बाळाचा धोका मोजता येत नाही. रात्ररात्र जागणाऱ्या स्त्रीचा आकडा साधाच निघू शकतो आणि सोसवेल इतकी खाज असलेलीचा तीन अंकी. खाजेचे काम चाचणीपर्यंत आणून सोडण्याचे. पुढचा निवाडा रक्त करते.

चाचणीआधी कातडी नीट पाहिली जाते, कारण गरोदरपणातली बहुतेक खाज कोलेस्टॅसिसची नसते. कोलेस्टॅसिसमध्ये पुरळ नसतो. खाजवून उठलेले ओरखडे, त्यावरच्या खपल्या आणि कधी दंडा-पोटरीवर काळसर गाठी दिसतात, पण त्या खाजेमागून आलेल्या असतात. अंगावर पित्त उठते तेव्हा गांधी येतात. इथे गांधी येत नाहीत. पोटावरच्या ताणाच्या रेषांत लाल, खाजरे फोड उठले आणि बेंबीभोवतीची जागा मोकळी राहिली, तर तो गरोदरपणातला वेगळा आणि निरुपद्रवी पुरळ असतो. उलट बेंबीपासूनच सुरुवात होऊन पाण्याने भरलेले फोड आले तर पेम्फिगॉइड हा दुर्मीळ आजार मनात येतो, आणि त्याला त्वचारोगतज्ज्ञच लागतो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. खरजेची खाजही रात्रीच वाढते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला बारीक पुटकुळ्या असतील आणि घरात आणखी कोणी खाजवत असेल, तर यकृताची चाचणी सांगण्याआधी तिकडे पाहिलेले बरे. पोट ताणले जाते म्हणून खाजते हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे म्हणणे पोटापुरते बऱ्याचदा खरे असते. तळहात-तळपाय मात्र ताणले जात नाहीत.

कातडी साफ असेल तर रक्तात दोन गोष्टी पाहतात: एकूण पित्ताम्ले आणि यकृताची नेहमीची चाचणी. यकृताच्या चाचणीत एसजीपीटीकडे लक्ष द्यायचे. गरोदरपणात त्याची वरची मर्यादा एरवीपेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने खाली असते, म्हणून रिपोर्टवर छापलेल्या 40 पेक्षा कमी असलेला आकडाही गरोदर स्त्रीसाठी वाढलेला असू शकतो. अल्कलाइन फॉस्फेटेज मात्र शेवटच्या महिन्यांत सगळ्यांचेच वाढते, कारण ते वारेतूनही येते. त्यावरून काही ठरवता येत नाही. बिलिरुबिन बहुतेकींचे साधे राहते. डोळे पिवळे होणे हे कोलेस्टॅसिसमध्ये अपवादाने दिसते, त्यामुळे ‘कावीळ नाही, म्हणजे यकृत ठीक आहे’ हा निष्कर्ष चुकतो.

पित्ताम्लांच्या मर्यादेवरून बराच गोंधळ होतो. ती मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये मोजतात आणि अनेक लॅबच्या रिपोर्टवर वरची मर्यादा 10 छापलेली असते. ही मर्यादा उपाशीपोटी घेतलेल्या रक्ताची आहे. जेवल्यावर पित्ताशय आकुंचन पावते, आतड्यात पित्ताम्ले येतात, शोषली जातात, आणि यकृत ती उचलेपर्यंत रक्तातला आकडा तात्पुरता चढतो. निरोगी गरोदर स्त्रियांत जेवणानंतर तो 18 पर्यंत जाऊ शकतो. म्हणून ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत निदानाची रेषा 19 वर नेली. त्यांच्या मते रक्त उपाशीपोटी द्यायची गरज नाही. बाळाच्या धोक्याचा अंदाज आकडा कमाल किती चढतो त्यावर बांधलेला आहे, आणि उपाशीपोटी तो कमाल आकडा निसटण्याची शक्यता असते. याच सूचनांत 19 ते 39 म्हणजे सौम्य, 40 ते 99 मध्यम आणि 100 किंवा जास्त म्हणजे तीव्र, अशी विभागणी आहे. 19 च्या खाली आकडा आणि तरीही खाज, याला ते गरोदरपणातली नुसती खाज म्हणतात, कोलेस्टॅसिस नव्हे. अनेक डॉक्टर अजून 10 ची रेषा वापरतात. तेव्हा रिपोर्ट हातात आल्यावर रक्त उपाशीपोटी दिले होते की जेवून, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ लावता येत नाही.

40 आणि 100 या रेषा सोयीसाठी ओढलेल्या नाहीत. 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनेक देशांतल्या आधीच्या अभ्यासांतली माहिती त्यात एकत्र केली होती आणि 5,269 रुग्णांची एकेकीची नोंद तपासली होती. पित्ताम्लांचा कमाल आकडा 40 च्या खाली राहिलेल्यांत बाळ पोटातच दगावण्याचे प्रमाण 0.13 टक्के निघाले, 40 ते 99 मध्ये 0.28 टक्के, आणि 100 च्या वर 3.44 टक्के. पहिले दोन आकडे एरवीच्या गरोदरपणातल्या प्रमाणापेक्षा वेगळे म्हणता येण्यासारखे नाहीत. तिसरा मात्र शंभरात तीनहून अधिक आहे. धोका हळूहळू चढत जात नाही. 100 च्या आसपास तो एकदम उडी घेतो. या एका अभ्यासाने निदान झालेल्या बहुसंख्य स्त्रियांची भीती कमी केली आणि उरलेल्या थोड्यांवर नेमके लक्ष वळवले.

बाळ का दगावते याचे पूर्ण उत्तर नाही, पण दिशा कळली आहे. बाळाचे यकृतही पित्ताम्ले तयार करते आणि ती वारेतून आईकडे जातात, कारण आईच्या रक्तात ती कमी असतात. आईकडचा आकडा फार चढला की हा उतार उलटा होतो आणि बाळाच्या रक्तात पित्ताम्ले साचू लागतात. उंदराच्या नवजात पिलांच्या हृदयपेशींवर लंडनमध्ये केलेल्या प्रयोगांत टॉरोकोलेट हे पित्ताम्ल घातल्यावर पेशींचे ठोके मंदावले आणि एकमेकींशी असलेला त्यांचा मेळ सुटला. बाळाच्या हृदयाचा ताल असाच अचानक बिघडत असावा, असे त्यावरून मानले जाते. असे बाळ वाढीने नीट असते, गर्भजल पुरेसे असते, सोनोग्राफीत वारेचा रक्तप्रवाह चांगला दिसतो. म्हणूनच वाढीची सोनोग्राफी किंवा एनएसटीचा साधा आलेख आज चांगला आला म्हणून उद्याची हमी देत नाही. बाळाची हालचाल कमी वाटली तर तातडीने दवाखान्यात जायचे, हा नियम इथेही लागू आहे. पण धोका आगाऊ सांगणारी तपासणी पित्ताम्लांचीच.

ही सगळी सूत्रे एका स्त्रीच्या बाबतीत कशी लागू होतात हे पाहण्यासाठी एक नमुना घेऊ. पहिलटकरीण, वय 29, एकच बाळ, 31 वा आठवडा. आठवडाभर तळपायांना खाज, आता तळहातांनाही. दोन रात्री झोप नाही. कातडीवर पोटऱ्यांचे ओरखडे सोडले तर काही नाही. रक्तदाब नेहमीचा, डोळे पांढरे, उलट्या नाहीत. नाश्ता करून दिलेल्या रक्तात पित्ताम्ले 12, एसजीपीटी 26. लॅबने 12 हा आकडा ठळक छापला, कारण तिची मर्यादा 10. पण रक्त खाऊन दिलेले, एसजीपीटीही साधे; आज कोलेस्टॅसिस म्हणता येणार नाही. मात्र इथे फाइल बंद करणे ही चूक ठरते. खाज पुष्कळदा रक्ताच्या आधी येते आणि आकडा एक-दोन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा चढतो. खाज टिकून असेल तर चाचणी पुन्हा करायची, हा निदानाचाच भाग आहे. त्या मधल्या काळात सैल सुती कपडे, थंड पाण्याने अंघोळ, मेन्थॉल घातलेले मलम आणि झोपेसाठी डॉक्टरांनी दिलेली क्लोरफेनिरामिनसारखी गोळी एवढाच आधार असतो.

33 व्या आठवड्यात पित्ताम्ले 31 आणि एसजीपीटी 74. आता निदान झाले: सौम्य कोलेस्टॅसिस. तरी एसजीपीटी वाढल्याचे दुसरे कारण नाही ना, हे पाहिले जाते. ब्रिटनमध्ये चित्र नेहमीचे असेल तर या जास्तीच्या तपासण्या सरसकट करत नाहीत. आपल्याकडे हेपॅटायटिस ई पाण्यातून पसरतो आणि गरोदरपणात तो जिवावर बेतू शकतो, त्यामुळे विषाणूंच्या चाचण्या आणि पित्ताशयातल्या खड्यांसाठी एक सोनोग्राफी करून घेणे शहाणपणाचे. या स्त्रीचे दोन्ही रिपोर्ट साफ आले. उलट्या, वरच्या पोटात दुखणे, चढलेला रक्तदाब, घसरलेले प्लेटलेट किंवा साखर यांपैकी काही असते, तर कोलेस्टॅसिसचा विचार मागे ठेवून त्याच दिवशी दाखल करावे लागले असते. तेव्हा गाठ यकृताच्या जास्त घातक आजारांशी असू शकते. पहिल्या तीन-चार महिन्यांतच सुरू झालेली खाज किंवा एसजीपीटीचा फारच मोठा आकडा हेही नेहमीच्या कोलेस्टॅसिसमध्ये बसत नाही.

यापुढे आठवड्याला एक चाचणी. 34 व्या आठवड्यात 46, 35 व्या आठवड्यात 62. कोलेस्टॅसिस आता मध्यम गटात गेले. मध्यम गटात 35 व्या आठवड्याच्या सुमारास दर आठवड्याला पाहण्याचे कारण एकच: आकडा 100 ओलांडतो का ते कळावे, कारण तिथून प्रसूतीची तारीख बदलते. ब्रिटिश सूचनांप्रमाणे सौम्य गटात 40 व्या आठवड्यापर्यंत थांबता येते, मध्यम गटात 38 ते 39 आठवड्यांदरम्यान कळा आणण्याचा विचार होतो, आणि तीव्र गटात 35 ते 36 आठवड्यांदरम्यान. अमेरिकेची सोसायटी फॉर मॅटर्नल-फीटल मेडिसिन ही संस्था 100 च्या वर 36 वा आठवडा पूर्ण होताच प्रसूती सुचवते, आणि त्याखाली 36 ते 39 च्या दरम्यान. लवकर प्रसूती करणे फुकट मिळत नाही. 35 आठवड्यांच्या बाळाला श्वासाचा त्रास, दूध ओढण्यात अडचण, नवजात अतिदक्षता विभागातले दिवस यांची शक्यता असते. 31 आकडा असलेल्या स्त्रीची केवळ भीतीपोटी 36 व्या आठवड्यात प्रसूती करणे म्हणजे नसलेला धोका टाळायला असलेला धोका पत्करणे. 120 असताना दिवस भरायची वाट पाहणे तितकेच चूक.

या स्त्रीचा आकडा 37 व्या आठवड्यात 71 झाला, 100 ला कधी टेकला नाही. 38 आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणायचे ठरले. कोलेस्टॅसिस आहे म्हणून सिझेरियन करावे लागत नाही. समजा 35 व्या आठवड्यात 118 आले असते आणि पुढच्या आठवड्यात 80 वर उतरले असते, तरी तिला तीव्र गटातच धरले असते, कारण धोक्याचे आकडे कमाल पातळीवर आधारलेले आहेत.

उतरलेल्या आकड्यामागे बऱ्याचदा अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड हे औषध असते. कोलेस्टॅसिस म्हटले की ते दिले जाते, आणि त्याच्याविषयी अपेक्षा फार मोठ्या असतात. इंग्लंड आणि वेल्समधल्या 33 रुग्णालयांत 605 स्त्रियांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पिचेस चाचणीत निम्म्यांना हे औषध आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली. बाळ दगावणे, मुदतपूर्व जन्म किंवा नवजात विभागात चार तासांहून जास्त राहावे लागणे, यांपैकी काही तरी घडल्याचे प्रमाण औषधाच्या गटात 23 टक्के आणि दुसऱ्या गटात 27 टक्के निघाले. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान आहे. खाजही थोडीच कमी झाली. म्हणून ब्रिटिश सूचना हे औषध सरसकट द्या म्हणत नाहीत. अमेरिकन संस्था खाजेसाठी ते अजून पहिल्या क्रमांकावर ठेवते. दोन्हीकडचे डॉक्टर एका गोष्टीवर सहमत असतात: गोळी चालू आहे म्हणून प्रसूतीची तारीख पुढे ढकलता येत नाही. शिवाय हे औषध स्वतःच एक पित्ताम्ल आहे. नेहमीच्या लॅबमधली चाचणी त्यालाही एकूण बेरजेत मोजते. त्यामुळे पहिला नमुना गोळी सुरू करण्याआधीच घेतलेला असावा, आणि नंतरचे आकडे वाचताना गोळी लक्षात घ्यावी.

क्वचित पित्ताच्या अभावी चरबी पचत नाही, शौच फिकट आणि चिकट होते. तेव्हा चरबीबरोबर शोषले जाणारे क जीवनसत्त्व नव्हे तर के जीवनसत्त्व कमी पडते आणि रक्त गोठायला वेळ लागतो. अशा स्त्रीला प्रसूतीआधी के जीवनसत्त्व देण्याचा विचार करतात. बाकीच्यांना त्याची गरज नसते. कळा सुरू झाल्यावर तीव्र गटातल्या बाळाच्या ठोक्यांवर सलग लक्ष ठेवले जाते.

प्रसूती झाली, वार पडली की संप्रेरकांचा भार उतरतो आणि खाज बहुधा काही दिवसांतच जाते. निदानाचा शेवटचा पुरावा मात्र यानंतर मिळतो. निदान चार आठवड्यांनी खाज थांबलेली असावी आणि यकृताची चाचणी पुन्हा करून ती नेहमीची आलेली असावी. तशी आली नाही तर ते कोलेस्टॅसिस गरोदरपणापुरते नव्हते, यकृताचा मुळातला एखादा आजार गरोदरपणात उघडा पडला, असे धरून पुढचा शोध घ्यावा लागतो. बाळंतिणीच्या गडबडीत ही चाचणी हमखास राहून जाते, म्हणून तिची तारीख घरी सोडतानाच कागदावर लिहून दिलेली असावी. पुढच्या गरोदरपणात हा त्रास परत होण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. त्यामुळे तेव्हा नाव नोंदवतानाच एकदा यकृताची चाचणी आणि पित्ताम्ले पाहून ठेवतात, म्हणजे नंतरच्या आकड्यांशी तुलना करता येते. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना या आजाराची माहिती द्यावी. त्या गोळ्यांवर असताना आधी कधी खाज किंवा कावीळ झाली असेल, तर इस्ट्रोजेन नसलेला उपाय निवडतात.